काचेमागचा फोटो प्रतिबिंबाशिवाय कसा टिपायचा

जुनी तसबीर भिंतीवरून उतरवली, मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा सोडवला, आणि तेव्हा कळलं की फोटो काचेला चिकटला आहे. आमच्याकडे आजी-आजोबांच्या फोटोचं असंच झालं होतं. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ पडतो आणि वर टेकलेली काच धरून ठेवतो. अशा वेळी कोपरा धरून ओढायचा मोह होतो. तो मोह आवरा, कारण कागद तुमच्या हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. पुठ्ठा होता तसा लावून टाका आणि फोटोचा फोटो काचेतूनच काढा.

काच फोटोला चिकटलेली नसली तरी मोठ्या, जड किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या तसबिरींच्या बाबतीत हीच वेळ येते. या लेखात मी अशी एकच तसबीर घेतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय करायचं ते सांगतो. आमचा फोटो ४० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच, कृष्णधवल, थोडा पिवळा पडलेला. आजोबांचा काळा कोट, आजी शेजारी खुर्चीवर. पहिल्या प्रयत्नात त्या काळ्या कोटावर समोरची खिडकी गजांसकट उमटली होती, आणि तिच्याखाली माझा पांढरा शर्ट.

कोटावरच का, चेहऱ्यावर का नाही?

साध्या काचेवर समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के उजेड पुढच्या पृष्ठभागावरून परत येतो आणि जवळपास तेवढाच मागच्या पृष्ठभागावरून. म्हणजे एकूण साधारण ८ टक्के. हा आकडा छोटा वाटतो. पण फोटोतला काळा कोट स्वतः किती उजेड परत पाठवतो? दोन-चार टक्के, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे समोर पांढरा शर्ट घालून कोणी उभं राहिलं, की काचेतला शर्ट कोटापेक्षा उजळ दिसतो. चेहऱ्याचा भाग कितीतरी जास्त उजेड परत टाकतो, म्हणून तिथे तेच प्रतिबिंब असूनही डोळ्यांना जाणवत नाही. खिडकी तर शर्टाच्या कित्येक पट उजळ असते. ती चेहऱ्यालाही सोडत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रतिबिंब म्हणजे फोटोच्या उजेडावर वरून ओतलेला जास्तीचा उजेड. खालचं चित्र पुसलं जात नाही, त्यात भर पडते. पुढे एडिटिंगच्या वेळी याचा उपयोग होईल.

आधी प्रतिबिंब कुठून येतंय ते शोधा

चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर विकत घ्यायच्या आधी हे करा. जिथे लेन्स येणार आहे तिथे डोकं न्या, एक डोळा मिटा आणि काचेकडे आरसा म्हणून बघा. फोटोकडे बघू नका, काचेत काय दिसतंय ते बघा. मग घरातल्या कोणाच्या तरी हातात पांढरा कागद देऊन त्यांना तुमच्या आजूबाजूला, मागे, वर तो फिरवायला सांगा. कागद काचेत दिसू लागला की ती जागा धोक्याची. दिसेनासा झाला की तिथून पुढचं काहीही चालेल. दोन मिनिटांत तुमच्याकडे धोक्याच्या जागेचा पूर्ण नकाशा तयार होतो.

समोरून, अगदी मध्यावर उभं राहून फोटो काढताना या जागेचं माप आधीच सांगता येतं. कॅमेरा ज्या पातळीत आहे, त्या पातळीत काचेला दिसणारा भाग फोटोच्या बरोबर दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच असतो. आमच्या फोटोसाठी ८० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच. कॅमेरा जवळ आणा वा लांब न्या, कॅमेऱ्याच्या पातळीतलं हे माप बदलत नाही. कारण साधं आहे. लेन्समधून काचेच्या कडेपर्यंत जाणारी रेषा कडेला आपटून तेवढीच आणखी बाजूला सरकते आणि परत येते. कॅमेऱ्याच्या मागे मात्र हा भाग पसरत जातो, म्हणून आडोसा कॅमेऱ्याला लागूनच हवा.

काळा पडदा

एवढा भाग काळ्या, न चमकणाऱ्या कापडाने झाकायचा. सुती किंवा मखमली कापड चांगलं. सॅटिन किंवा पातळ कृत्रिम कापड चमकतं आणि पुन्हा तीच अडचण होते. कापड दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या काठीला लटकवा, मध्ये लेन्सपुरतंच भोक पाडा आणि लेन्स त्यातून बाहेर काढा. मापात हात सैल ठेवा. मी काटेकोर ८० सेंटीमीटरचा हिशेब करून ७० सेंटीमीटर रुंदीचं कापड वापरलं, वाटलं चालून जाईल. उजव्या कडेला एक निळसर पट्टा राहिला, तो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मला दिसलाच नाही. मीटरभर कापड घेतलं असतं तर पुढचं निम्मं काम वाचलं असतं.

पडदा लावण्याआधी काचेचा एक फायदा करून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून त्यातून बघितलं की काचेत लेन्सचं प्रतिबिंब दिसतं. ते चौकटीच्या अगदी मधोमध आलं म्हणजे कॅमेरा काचेला काटकोनात आहे. पातळी मोजायचं वेगळं साधन लागत नाही. कॅमेरा सरळ झाला की मग पडदा लावा. लेन्सच्या पुढच्या कड्यावर पांढरी अक्षरं छापलेली असतात, तीही काळ्या कोटावर गोल दिसतात. भोक लहान ठेवा किंवा कड्यावर काळ्या कागदाची पट्टी लावा.

जरा लांबून, जास्त फोकल लेंग्थने काढा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स १.२ मीटरवर ठेवली तर साधारण ४७ बाय ३१ सेंटीमीटरचा भाग येतो, म्हणजे आमची ४० बाय ३०ची तसबीर जेमतेम बसते. मोबाईल असेल तर त्याची टेलिफोटो लेन्स वापरा. मुख्य लेन्सने जवळ जाऊन काढलेल्या फोटोत कडा वाकतात, आणि मोबाईलची सावली पडते ती वेगळीच. स्वतः गडद कपडे घाला, टायमर लावून पडद्याच्या मागे व्हा.

दिव्यांची जागा

खोलीतले वरचे दिवे बंद, खिडकीचे पडदे ओढलेले, आणि फोटोवर फक्त तुमचे दोन दिवे. दोन्ही दिवे एकाच प्रकारचे हवेत, नाहीतर अर्धा फोटो पिवळा आणि अर्धा पांढरा होतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून अजिबात मारू नका. तो लेन्सच्या शेजारी असतो आणि लेन्सच्या शेजारची जागा म्हणजे धोक्याच्या जागेचा केंद्रबिंदू.

कॅमेरा १.२ मीटरवर असताना मी दिवे भिंतीपासून ८० सेंटीमीटर पुढे आणि फोटोच्या मध्यापासून ८० सेंटीमीटर बाजूला ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे. हा ४५ अंशांचा कोन झाला. भिंतीपासून ८० सेंटीमीटरवर धोक्याची जागा मध्यापासून ३३ सेंटीमीटरपर्यंतच असते, त्यामुळे दिवे तिच्या खूप बाहेर राहतात. दिव्याचं तोंड जवळच्या कडेकडे न करता समोरच्या दूरच्या कडेकडे करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड बराचसा सारखा होतो.

उजेड सारखा आहे का, हे पेन्सिलीने कळतं. काचेच्या मध्यावर पेन्सिल उभी धरा. ती काचेपासून बाहेर, तुमच्याकडे टोक करून असावी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन सावल्या पडतील. त्या सारख्याच गडद आणि सारख्याच लांब असतील तर दिवे बरोबर आहेत. डावीकडची सावली जास्त काळी असेल तर उजवा दिवा जोरात आहे, तो थोडा मागे घ्या.

दिवे भिंतीला फार चिकटवूही नका. चौकटीची कड काचेच्या वर आलेली असते आणि तिची सावली फोटोवर पडते. कड १ सेंटीमीटर उंच असेल तर ४५ अंशांच्या दिव्याने १ सेंटीमीटर सावली, आणि दिवा ६० अंशांपर्यंत बाजूला नेला तर १.७ सेंटीमीटर.

आता कॅमेऱ्याची सेटिंग्ज. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, f/8, शटर लागेल तेवढं हळू. ट्रायपॉड असल्याने एखादा सेकंदही चालेल. व्हाइट बॅलन्स दिव्यांप्रमाणे पक्का करून ठेवा, रॉ फाइल घ्या. फोकस हाताने करा आणि फोटोतल्या एखाद्या बारीक रेषेवर करा, म्हणजे साडीचा काठ, खुर्चीची नक्षी, खाली लिहिलेली तारीख. ऑटोफोकस कधीकधी काचेतल्या प्रतिबिंबावर जातो. ते प्रतिबिंब काचेच्या पृष्ठभागावर नसतं. खिडकी काचेपासून तीन मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंब काचेच्या मागे तीन मीटरवर असल्यासारखं लेन्सला दिसतं, आणि तिथे फोकस झाला की आजोबा धूसर होतात.

मग पोलरायझर कधी?

बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मीही केली होती. फिल्टर लेन्सवर चढवला, तसबिरीसमोर सरळ उभा राहिलो, कडं गोल गोल फिरवलं, आणि खिडकी जशीच्या तशी. फिल्टर खराब निघाला असं वाटलं. फिल्टरमध्ये काही दोष नव्हता. काचेवरून सरळ समोर परतणारा उजेड ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, झालेला नसतो, म्हणून पोलरायझर त्याला वेगळा काढूच शकत नाही.

उजेड काचेवर तिरका आपटला की मात्र गोष्ट बदलते. १८०८ साली एतियेन-लुई मालुस यांनी पॅरिसमधल्या घरातून एका स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य पाहिला. स्फटिक फिरवला तसं त्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमांचं तेज कमी-जास्त होऊ लागलं. परतलेला उजेड ठराविक दिशेत कंप पावतो, हे तिथून उलगडलं. १८१५मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी हा परिणाम कोणत्या कोनात पूर्ण होतो त्याचा नियम दिला. साध्या काचेसाठी तो कोन सुमारे ५६ अंश येतो, काचेला काढलेल्या लंबापासून मोजलेला.

कोनमापक न घेता हा कोन साधता येतो. भिंतीपासून दोन पावलं पुढे असाल तर तसबिरीच्या मध्यापासून तीन पावलं बाजूला सरका. झालं. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो आणि त्यामुळेच हे तीनास दोनाचं प्रमाण येतं.

आता फिल्टर हळूहळू फिरवा. पाव फेरीत प्रतिबिंब सगळ्यात तेजस्वीपासून सगळ्यात फिकं होतं. फिकं झाल्यावर थोडं पुढे न्या, पुन्हा वाढायला लागलं की मागे या. कोटाच्या काळ्या भागाकडे बघत फिरवा, तिथेच फरक पटकन दिसतो. फिल्टरने दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणून शटर तेवढं हळू करावं लागतं.

पोलरायझर नसेल आणि ध्रुवित काचांचा गॉगल असेल तर तो मोबाईलच्या लेन्ससमोर धरूनही काम होतं, फक्त दिशा सांभाळावी लागते. गॉगल रस्ता, पाणी अशा आडव्या पृष्ठभागांवरची चकाकी अडवायला बनवलेला असतो. तसबीर टेबलावर आडवी ठेवून तिरकस वरून फोटो काढत असाल तर गॉगल डोळ्यांवर असतो तसाच आडवा धरा. तसबीर भिंतीवर असेल आणि तुम्ही बाजूला सरकला असाल तर तो उभा धरा, एक काच वर आणि एक खाली. गॉगलच्या काचेचा रंग फोटोत उतरतो. कृष्णधवल फोटोला त्याने काही बिघडत नाही.

कोनाशी तडजोड किती करता येते? ४५ अंशांवर, म्हणजे जेवढी पावलं पुढे तेवढीच बाजूला, पोलरायझर लावल्यावर एका पृष्ठभागाचं प्रतिबिंब १ टक्क्याच्याही खाली येतं. हे उत्तमच आहे. ३० अंशांवर मात्र अडीच टक्के उरतं, आणि फिल्टरशिवाय तिथे चारच्या आसपास असतं. म्हणजे जेमतेम बाजूला सरकून पोलरायझर लावण्यात फारसा अर्थ नाही. सरकायचं तर नीट सरका. मोठ्या तसबिरीत जवळची कड आणि लांबची कड यांचे कोनही वेगवेगळे असतात, त्यामुळे मधला पट्टा स्वच्छ आणि एका टोकाला धूसर झाक असं होतं. लांब जाऊन टेलिफोटोने काढलं की हा फरक कमी होतो.

किंमत मोजावी लागते ती आकाराची. ५६ अंशांवरून ४० सेंटीमीटरचा फोटो कॅमेऱ्याला साधारण २२ सेंटीमीटर रुंद दिसतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ताणून तो चौकोनी करता येतो, पण जे बारकावे कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत ते ताणून येत नाहीत. शिवाय एक कड जवळ आणि एक लांब असल्याने f/11च्या आसपास जावं लागतं. म्हणून माझा क्रम असा आहे. तसबीर हलवता येते, खोली अंधारी करता येते, पडदा लावता येतो, तर सरळ समोरून, फिल्टरशिवाय. तसबीर जिन्यात, अरुंद बोळात किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर असेल तर बाजूने, पोलरायझरने.

फिल्टरच्या आणखी दोन मर्यादा. धातूवरची चमक त्याला जवळपास जुमानत नाही, त्यामुळे चौकटीची सोनेरी किंवा पितळी पट्टी चकाकत राहील. आणि काचेऐवजी ॲक्रिलिकचं तावदान असेल व खोलीतला उजेड आधीच ध्रुवित असेल, उदाहरणार्थ निळ्या आकाशाचा किंवा एलसीडी पडद्याचा, तर फिल्टरमधून इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात. असे पट्टे दिसले की फिल्टर काढा आणि काळ्या पडद्याकडे वळा.

तीन फोटो घ्या, एक नको

आता पुन्हा समोरच्या कॅमेऱ्याकडे. पडदा लावला, दिवे जागेवर, तरी आमच्या फोटोवर चार-पाच ठिकाणी बारीक चमचमते ठिपके राहिले. ते काचेतले नव्हते. जुना कागद आतून फुगला होता आणि त्याच्या गुळगुळीत उंचवट्यांवर दिव्याचा उजेड थेट लेन्सकडे वळत होता. डोकं किंचित हलवलं की ठिपके जागा बदलायचे, त्यावरून हे ओळखायचं.

इथे कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पहिला फोटो घ्या. मग दोन्ही दिवे वीतभर भिंतीकडे सरकवून दुसरा घ्या. मग मूळ जागेपेक्षा वीतभर भिंतीपासून दूर नेऊन तिसरा. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्हींत तेच. ठिपके प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतील, आणि बाकीचं चित्र तसूभरही हललेलं नसेल.

हे GIMP या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचं असेल तर `File > Open as Layers` ने तिन्ही फोटो एकावर एक उघडा आणि वरच्या दोन लेयरचा मोड `Darken only` करा. प्रत्येक बिंदूला तीन फोटोंमधला सगळ्यात गडद उजेड उरतो. प्रतिबिंब नेहमी भरच घालतं, म्हणून सगळ्यात गडद तेच खऱ्याच्या सगळ्यात जवळ. टर्मिनलवर काम करायची सवय असेल तर ImageMagick ची एक ओळ पुरते:

```
magick a.tif b.tif c.tif -evaluate-sequence min result.tif
```

याचाच दुसरा परिणाम बघून ठेवा. सगळ्यात गडद निवडताना सावल्याही निवडल्या जातात. चौकटीच्या कडेशी तिन्ही फोटोंतली सर्वांत लांब सावली उरते. वरच्या लेयरना `Layer > Mask` मधून पांढरा मास्क द्या आणि कडेशी मऊ काळ्या ब्रशने रंगवा, म्हणजे तिथे खालचाच फोटो दिसेल. माझ्या अनुभवात दिवे वीतभरापेक्षा जास्त हलवले की उजेडाचा एकसारखेपणा जातो आणि कडा काळवंडतात. डावा दिवा एकदा, उजवा एकदा असे दोन फोटो घेण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो. त्याने ठिपके जातात, पण दोन्ही कडा मध्यापेक्षा बऱ्याच गडद होतात आणि त्या सुधारत बसावं लागतं.

राहिलेला निळा पट्टा

माझं तोकडं कापड आणि उजव्या कडेचा तो निळसर पट्टा. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आलेल्या दिवसाच्या उजेडाचा तो होता, आणि तो कोटाच्या बाहीवर पसरला होता.

पहिली सहज प्रतिक्रिया म्हणजे तेवढा भाग निवडून एक्स्पोजर कमी करणं. करून बघा, काळी बाही राखाडीच राहते आणि शेजारचा हात विनाकारण काळा पडतो. कारण एक्स्पोजर सगळ्यालाच एका प्रमाणात कमी करतं, आणि इथे तर वरून ओतलेला जास्तीचा उजेड वजा करायचा आहे. वजाबाकीच्या जवळ जाणारं साधन म्हणजे `Colors > Levels` मधली डावीकडची, काळ्याची खूण. तो भाग मऊ कडेने निवडा आणि ती खूण उजवीकडे सरकवत न्या, शेजारच्या स्वच्छ कोटाइतकी बाही काळी होईपर्यंत. तिथे थांबा. पुढे गेलात तर बाहीच्या घड्या बुजतात.

पण त्याआधी कृष्णधवल फोटोसाठी एक युक्ती आहे, आणि बहुतेक वेळा तिनेच काम होतं. माझे दिवे पिवळसर होते आणि व्हाइट बॅलन्स त्यांच्यासाठी ठरवलेला. त्यामुळे खिडकीचा उजेड फाइलमध्ये निळा आला. निळा म्हणजे निळ्या चॅनलमध्ये भरपूर आणि लाल चॅनलमध्ये अगदी थोडा. `Colors > Components > Extract Component` मध्ये `RGB Red` निवडलं आणि पट्टा जवळपास नाहीसाच झाला. त्याच एका पावलात कागदाचा पिवळेपणाही गेला, कारण पिवळा डाग लाल चॅनलमध्ये पांढऱ्या कागदाइतकाच उजळ असतो. उरलेल्या पुसट झाकेसाठी मग काळ्याची खूण जरा सरकवावी लागली, एवढंच. रंगीत फोटोला ही युक्ती चालत नाही. तिथे `Levels` मध्ये वर `Blue` चॅनल निवडून फक्त त्याची काळी खूण, तीही फक्त त्या भागापुरती, सरकवायची.

एका गोष्टीपुढे यातलं काहीच चालत नाही. प्रतिबिंब इतकं तेजस्वी असेल की सेन्सर तिथे पूर्ण भरला, तिन्ही चॅनल टोकाला गेले, तर वजा करायला खाली काही नोंदलेलंच नसतं. माझ्या पहिल्या फोटोतली खिडकी अशीच होती. म्हणून फोटो घेतानाच अतिउजेडाची सूचना चालू ठेवा आणि काचेवर कुठे लुकलुकतंय का बघा. क्लोन किंवा हील साधनाने अशी जागा भरता येते, पण ती शेजारचा नमुना उचलून भरते. पार्श्वभूमीच्या पडद्यावर ते चालेल. चेहऱ्यावर ते करू नका, कारण मग तो आजोबांचा गाल राहत नाही.

शेवटी एक गोष्ट जी प्रतिबिंब समजून मी तासभर घालवत होतो. आमच्या फोटोत आजीच्या खांद्याजवळ ओल्यासारखा गडद डाग होता, आणि त्याच्या कडेने सुरुवातीच्या फोटोत रंगीत वलयं होती. फोटो काचेला चिकटलाय ती ही जागा. तिथे कागद आणि काच यांच्यात हवाच नाही, त्यामुळे काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड तिथे नाही आणि तेवढा भाग बाकीपेक्षा गडद आणि ठसठशीत दिसतो. कडेची वलयं अतिशय पातळ हवेच्या फटीमुळे होतात, आणि समोर काही उजळ असेल तरच दिसतात. काळा पडदा लावल्यावर ती गेली. गडद डाग मात्र काढायचा नसतो. फोटोचा खरा ठसठशीतपणा कसा होता, ते त्या एवढ्याच तुकड्यात दिसतं, आणि बाकीच्या फोटोचा काळेपणा मी `Levels` मध्ये त्या तुकड्याकडे बघूनच ठरवला.